बासष्ट हजारांतले चौघे

पेजला बासष्ट हजार फॉलोअर होते. गेल्या वर्षभरात ज्यांनी कपडे विकत घेतले, त्यांची नावं त्या बासष्ट हजारांत शोधून पाहिली, तेव्हा चौघं सापडली.

ही शोधाशोध ज्याने केली त्याला घरात शंकासुर म्हणत. नाव आईने ठेवलेलं. दूध उतू जातंय असं स्वयंपाकघरातून कोणी ओरडलं, तरी हा लहानपणी आधी विचारायचा, "कोणी पाहिलं?" तोवर दूध शेगडीवर पोचलेलं असे. पुढे त्याने सगळी नोकरी बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली. ओल्या कागदावर बी मांडायचं, ठरल्या दिवशी मोजायचं, उगवलेलं किती आणि न उगवलेलं किती ते लिहायचं. शंका घेण्याचा पगार मिळतो हे पाहून आई चकित झाली होती. "आम्ही फुकट सोसलं ते," ती म्हणाली होती.

शंकासुराची थोरली बहीण, ताई, कपडे शिवायची. पण अंगावर मिरवायचे नव्हेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचा कारखाना होता: बाहेरच्या खोलीत कटिंगचं लांब टेबल आणि पार्सलांची मांडणी, आतल्या खोलीत चार शिलाई मशीन आणि कापडाच्या कडा बांधणारं एक ओव्हरलॉक. गाऊन पाठीतून पूर्ण उघडा, मागे दोन पदर एकमेकांवर येणारे. खांद्यावर दाबायची बटणं, म्हणजे हात न उचलता बाही चढवता येते. पायजमा कमरेपासून घोट्यापर्यंत बाजूने उघडणारा. पाठीखाली, माकडहाडाखाली कुठेही शिवण येऊ द्यायची नाही, हा ताईचा कडक नियम, कारण जिथे शिवण रुतते तिथे जखम होते. कटिंग मास्तर या नियमापायी प्रत्येक गाऊनमागे थोडं कापड वाया घालवत आणि प्रत्येक वेळी तसं ऐकवतही.

धंदा निघाला तो आईच्या दुखण्यातून. अर्धांगाच्या झटक्याने तिची उजवी बाजू गेली, आणि रोज कपडे बदलणं म्हणजे मायलेकींची रोजची लढाई झाली. ताईने एक दिवस वैतागून आईचा गाऊन पाठीतून कापला. त्यानंतरचे गाऊन पाठीत उघडेच शिवले गेले. ऑर्डरी घेणारी मुलगी, जिला सगळे फोनवाली म्हणत, तिने एकदा आईला गाऊन घालतानाचा व्हिडिओ काढून कारखान्याच्या पेजवर टाकला. त्यात ताई सवयीने म्हणाली, "आई, हात वर कर." आणि आई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "हिला कितीदा सांगायचं! उजवा हात सासरी गेलाय. माहेरपणालासुद्धा येत नाही मेला."

तो व्हिडिओ रातोरात कुठल्या कुठे गेला. नंतर आई दर आठवड्याला बोलू लागली. वेल्क्रोला ती "कुरकुऱ्या" म्हणायची. मास्तरांनी फार मोठं माप कापलं तर "हा गाऊन नाही, तंबू आहे, पाहुणे बोलवा" म्हणायची. फोनवालीने काढून ठेवलेल्या क्लिपांचा साठा ताईच्या मोबाईलमध्ये साचत गेला.

आई गेल्याला वर्ष होत आलं होतं. पेजवर हे कोणी सांगितलं नव्हतं. ताई साठ्यातली एकेक क्लिप टाकत राहिली. खाली लोक विचारत, आजी कशी आहे? ताई उत्तरादाखल एक लाल हृदय टाके. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

या वर्षात ऑर्डरी आटल्या. चारपैकी दोन मशीनांवर आच्छादन पडलं. मास्तरांनी, ज्यांनी आयुष्यात कोणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं, दुसरीकडे विचारणा सुरू केल्याचं कानावर आलं. तेव्हा ताईने धाकट्याला बोलावलं.

"तू आकडे बघ," ती म्हणाली. "मला त्यातली गोल चित्रं सोडून काही कळत नाही. फॉलोअर वाढतायत आणि ऑर्डरी घटतायत. हे असंच चाललं तर उन्हाळ्याआधी मला कुलूप लावावं लागेल. आणि हे आईचं आहे रे, माझं एकटीचं नाही."

शंकासुराने कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. मास्तर कात्री बाजूला ठेवून उभे राहिले. फोनवाली स्टुलावर बसली.

"हा फॉलोअरांचा वयाचा तक्ता," तो म्हणाला. "निम्म्याच्या आसपास अठरा ते चोवीस. तिसरा हिस्सा पंचवीस ते चौतीस. पंचेचाळिशीच्या पुढचे शंभरात चार."

"पोरंटोरं," मास्तर म्हणाले.

"आणि ही गावांची यादी. यात फक्त सगळ्यात वरची गावं दिसतात. पहिली तीन इथून दिवसभराच्या प्रवासावर. दोन परदेशातली. आपलं शहर यादीतच नाही."

"माणसं वय खोटं लिहितात पण," फोनवाली म्हणाली. "मी स्वतः लिहिलंय."

"लिहितात. आणि गाव तर फोन कुठे आहे त्यावरून ताडलेलं असतं. दोन्ही ढोबळ. पण एवढी मोठी दरी थापांनी पडत नाही. त्याला फार शिस्तीने थापा माराव्या लागतील."

मास्तर हसले. "आपल्या गिऱ्हाइकाचं वय तर फॉर्मवरच असतं, साहेब. पंचाहत्तर, ऐंशी, ब्याऐंशी."

"ते पेशंटचं वय, मास्तर. घालणारा वेगळा आणि घेणारा वेगळा. पंचाहत्तर वर्षांची झटका आलेली बाई मोबाईलवर गाऊन निवडत बसत नाही. जो निवडतो त्याचं वय आपण कधी विचारलंच नाही."

मग ते विचारायचं ठरलं. फोनवाली येणाऱ्या प्रत्येकाला माप घेतल्यावर विचारू लागली: घेणाऱ्याचं साधारण वय, आणि पेशंटशी नातं. जुन्या गिऱ्हाइकांनाही तिने फोन केले, जे उचलले गेले त्यांची उत्तरं लिहिली. पत्ते पार्सलांवर होतेच. चित्र स्वच्छ निघालं. घेणारी माणसं पंचेचाळीस ते साठ, बहुतेक मुली आणि सुना, काही नवरे. राहणारी याच शहरातली किंवा शेजारच्या गावांतली, जिथे पार्सल दुसऱ्या दिवशी पोचतं. पेशंटला घरी आणायचं ठरलं की घाईघाईने फोन करणारी.

"आता जाहिरात," शंकासुर म्हणाला. "ती कशी देतेस?"

"जो व्हिडिओ जास्त चालतो त्याच्याखालचं बटण दाबते. कोणाला दाखवायचं ते तेच ठरवतं."

"तेच चुकतंय. तू ठरवलं नाहीस तर यंत्र आधीच्या फॉलोअरांसारखी माणसं शोधतं. तुझे फॉलोअर दूरची पोरं, म्हणून जाहिरात आणखी दूरच्या पोरांना जाते. त्यांना व्हिडिओ आवडतो, ती फॉलो करतात, आणि पुढच्या वेळी यंत्राची खात्री अजून पक्की होते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

ताईने मान हलवली. इथवर सगळं सरळ होतं. पण शंकासुराने पुढचं वाक्य उच्चारलं, आणि ते त्याला स्वतःलाही पूर्ण तर्कशुद्ध वाटलं.

"आणि ती पोरं येतात आईला बघायला. गाऊनसाठी नाही. आईचे व्हिडिओ थांबवावे लागतील."

आतल्या खोलीत चालू असलेलं मशीन नेमकं तेव्हाच थांबलं. फोनवाली स्टुलावरून उठून पार्सलं नीट लावू लागली.

"म्हणजे आई नको," ताई म्हणाली.

"आई नको असं कुठे म्हणतोय? आईचे व्हिडिओ नकोत."

"फरक काय त्यात? सांग ना. तुला फरक फार कळतात."

त्याने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं.

"तुला काय, तू महिन्यातून एकदा यायचास," ताई हळू आवाजात म्हणाली. "फळं ठेवायचास आणि ब्लडप्रेशर मोजायचास. माझ्याकडे तिचं जे उरलंय ते एवढंच आहे. ती बोलते त्याच्यात. मी टाकते, लोक हसतात, मला वाटतं आतल्या खोलीत आहे."

"ताई, बासष्ट हजार हसले आणि त्यातले चौघे गिऱ्हाईक. हसण्यावर मास्तरांचं घर चालत नाही."

मास्तर म्हणाले, "मला मध्ये आणू नका, साहेब." पण त्यांनी कात्री उचलली नाही.

अखेर ताईने होकार दिला. रडली नाही, आदळआपट केली नाही. ती मोबाईल घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं. पेजवरचे आईचे व्हिडिओ तिने काढून टाकले नाहीत, फक्त लोकांना दिसणार नाहीत असे बाजूला ठेवले; ते कसं करायचं हे शंकासुरानेच दाखवलं होतं. त्याच दिवशी त्याने जाहिरातीचं गिऱ्हाईक हाताने ठरवलं: वय पंचेचाळीसच्या पुढे, शहर आणि भोवतालचा तेवढाच पट्टा जिथे पार्सल दुसऱ्या दिवशी पोचतं. नवे व्हिडिओ आले. त्यांत एक कापडी पुतळा पलंगावर पडलेला असे आणि ताईचे हात त्याला कुशीवर वळवून गाऊन चढवत. माणसाला कमीत कमी किती हलवावं लागतं हे त्यात स्पष्ट दिसे.

"पहिली पेशंट जी तक्रार करत नाही," मास्तर पुतळ्याला थोपटत म्हणाले.

कोणी हसलं नाही. मास्तरांनाही ते बोलल्यावर कळलं.

ऑर्डरी आल्या. पहिल्या आठवड्यात तुरळक, मग रोज. एका मशीनवरचं आच्छादन निघालं, मग दुसऱ्यावरचं. मास्तरांनी दुसरीकडची विचारणा थांबवली आणि कापड वाया जातं म्हणून पूर्वीसारखे कुरकुरू लागले. फोनवालीने मदतीला आपली वहिनी आणली. शंकासुर आपल्या कामावर खूश होता. निदान आणि उपचार दोन्ही बरोबर ठरले, असं त्याने एकदा बोलूनही दाखवलं. ताई "हो" म्हणाली. ती हल्ली तेवढंच म्हणायची. कारखाना चालू असताना ती आतल्या खोलीत टाके घालत बसे, आणि कोणी मोबाईलवर मोठ्याने काही लावलं की उठून दुसरीकडे जाई.

त्याच्या समाधानाला तडा गेला तो पुढच्या अहवालाने.

ऑर्डरी दुप्पट झाल्या होत्या. प्रत्येक पार्सलात ताई एक चिठ्ठी घालायची, पेजला फॉलो करा, कपडे कसे धुवायचे ते तिथे दाखवलंय. माणसं फॉलो करतही होती. फोनवाली नावं ओळखायची. तरीही वयाच्या तक्त्यात पंचेचाळिशीच्या पुढचे शंभरात चार होते ते शंभरात चारच. आईचे व्हिडिओ बंद होते, जाहिरात योग्य माणसांना जात होती, योग्य माणसं घेत होती. आणि यादीत ती दिसत नव्हती.

"आली आणि गेली असतील," फोनवाली म्हणाली.

"कोणी पाहिलं?"

कोणी पाहिलं नव्हतं. किती जण आले आणि किती गेले एवढं पेज सांगतं. कोण गेलं ते सांगत नाही. पण शंकासुराने सुरुवातीलाच फॉलोअरांची पूर्ण यादी उतरवून घेतली होती, आणि नंतरही दर पंधरवड्याला घेत आला होता, प्रयोगशाळेतल्या जुन्या सवयीने. आता त्या एकमेकींशेजारी ठेवून त्याने आधीच्या यादीत असलेली आणि नंतरच्यात नसलेली नावं काढली. मग ती गिऱ्हाइकांच्या नावांशी ताडली. वेगळं नाव लावणारे त्यात निसटले असणार हे त्याने मनाशी नोंदवलं. जी सापडली ती पुरेशी होती. कपडे घेणारी माणसं फॉलो करत होती आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत, निघून जात होती. पोरं जात नव्हती.

"शिलाई उसवली असेल असं म्हणायचंय का?" मास्तर एकदम ताठ झाले. "माझी शिलाई? माणूस उसवेल, शिलाई उसवणार नाही."

"मी काहीच म्हणत नाही, मास्तर. मी विचारून येतो."

गेलेल्यांपैकी एक जण जवळच राहत होता. बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याने बायकोसाठी सहा गाऊन नेले होते. शंकासुर आधी फोन करून गेला. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत लोखंडी पलंग सुटा करून भिंतीला टेकवून ठेवला होता, डोक्याकडची बाजू वर करायची दांडी वेगळी बांधलेली. जमिनीवर पलंगाच्या पायांचे चार चौकोनी डाग उरले होते.

"बसा," बसवाला म्हणाला. "भाड्याचा आहे. न्यायला येणारेत. रोज येतो येतो म्हणतात."

शंकासुर बसला. काय विचारायचं ते त्याने वाटेत जुळवलं होतं. ते आता कामाचं राहिलं नव्हतं.

"कपड्यांत काही खोट होती का, एवढंच विचारायला आलो होतो."

"खोट? छे हो. उलट फार सुटसुटीत. माझ्या एकट्याच्याने व्हायचं. शेवटी शेवटी तिला हात लावला तरी दुखायचं, पण त्या बटणांनी..." त्याने बोटांनी खांद्यावर दाबून दाखवलं. "एक कोरा राहिलाय. नेता का परत? कोणाच्या तरी कामाला येईल."

"तुम्ही पेज सोडलंत, म्हणून वाटलं."

बसवाल्याने जरा आठवून पाहिलं. "सोडलं खरं. राग नाही हो. सकाळी उठून मोबाईल उघडला की पहिला तोच गाऊन. तोच निळा. आत कोणी नाही, पुतळा. मला वाटलं, हे आपल्याला आता कशाला?"

त्याने कपाटातून तो कोरा गाऊन काढून शंकासुराच्या हातात दिला.

"आधी एक म्हाताऱ्या बाई असायच्या तुमच्या व्हिडिओत," बसवाला म्हणाला. "हिला त्या फार आवडायच्या. उजवा हात सासरी गेलाय म्हणाल्या होत्या ना, ही ते रोज म्हणायची मग. नर्सला, डॉक्टरला, सगळ्यांना. आम्ही तुमच्याकडे आलोच त्यांच्यामुळे. हल्ली दिसत नाहीत. बऱ्या आहेत ना?"

शंकासुराने उत्तर द्यायला तोंड उघडलं. खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. वर्षभरात ते मोठ्याने म्हणायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. कागदोपत्री त्याने ते अनेकदा लिहिलं होतं.

"ती गेली," तो म्हणाला. "माझी आई."

"अरेरे," बसवाला म्हणाला, आणि उठून पाणी आणायला आत गेला.

कोरा गाऊन घेऊन शंकासुर कारखान्यात आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. त्याने गेलेल्यांच्या नावांचा कागद ताईपुढे ठेवला.

"यातली कोणी ओळखतेस?"

ताईने चष्मा लावला. "हिची सासू वारली. हा... याचे वडील. याने मला मेसेज केला होता. ही दोन बहिणी मिळून घ्यायच्या, यांची आई. हे मला माहीत नाही. ही पण गेली, म्हणजे हिचा नवरा." बोट खाली सरकत राहिलं. ज्यांचं ताईला ठाऊक नव्हतं त्यांतल्या काहींचं फोनवालीला ठाऊक होतं: उरलेला माल परत घेता का म्हणून फोन आले होते. एकाचा माणूस मात्र बरा होऊन चालू लागला होता. तेवढं ऐकून मास्तरांनी डब्यावरून मान वर केली.

"तुला हे माहीत होतं?" शंकासुराने विचारलं.

"लोक गेलेले माहीत होते. ते यादीतून गेले ते तू आत्ता सांगतोयस. आणि तू काय शोधतोयस ते मला काय माहीत? तू मला विचारत होतास वय आणि गाव."

तो टेबलाशी बसला. त्याच्या प्रयोगशाळेत उगवलेलं रोप चिमट्याने उचलून मोजायचं आणि बाजूला काढायचं अशी पद्धत होती. शेवटी कागदावर उरे ते न उगवलेलं बी. तो कागद पाहून कोणी म्हणालं असतं की या पोत्यात एकही बी उगवत नाही, तर त्याने त्या माणसाला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि आपण इतके महिने नेमकं तेच केलं.

दुसरी गोष्ट त्याहून शरमेची होती. आईचे व्हिडिओ थांबवणं आणि जाहिरातीचं गिऱ्हाईक बदलणं, दोन्ही त्याने एकाच दिवशी केलं होतं. ऑर्डरी कशामुळे वाढल्या हे त्यानंतर कोणालाही सांगता येणार नव्हतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्याने नव्या पोरांना इतकी वर्षं घोकवलं होतं की पोरं पाठीमागे त्याची नक्कल करत. आईच्या बाबतीत त्याला एवढी घाई का झाली होती, हे त्याने स्वतःला विचारलं. उत्तर फार लांब नव्हतं. बहीण दर आठवड्याला तिला बोलतं ठेवत होती, आणि ते त्याला सहन होत नव्हतं. आई गेली त्याच आठवड्यात त्यानेही ते पेज सोडलं होतं. वय बावन्न, राहणार याच शहरात. तक्त्यातल्या त्या कमी पडणाऱ्या रकान्यात एक नाव त्याचं होतं.

"ताई," तो म्हणाला, "आईचे व्हिडिओ परत चालू कर. जाहिरातीला हात लावायचा नाही, ती आहे तशीच राहू दे. फक्त हे एक बदलू. ऑर्डरी पडल्या तर माझं खरं होतं. नाही पडल्या तर नव्हतं."

"जुने करते," ताई म्हणाली. "जे टाकलेले होते ते. तेवढेच आहेत."

"आणि न टाकलेले? साठ्यातले?"

ताईने चष्मा काढून पुसला.

"तू म्हणालास थांबव. मी मला ओळखते. मोबाईलमध्ये असते तर आज ना उद्या एखादा टाकला असता. म्हणून त्याच दिवशी पुसून टाकले, आत जाऊन. एकेक बघितला आणि एकेक पुसला."

"पुसलेले काही दिवस राहतात आत. बघू दे."

"राहतात. महिनाभर. मी रोज उघडून बघायची, अजून आहेत का. तू ऑर्डरी वाढल्या म्हणून सांगत होतास तेव्हा बघायची. मग एक दिवस नव्हते."

"मला सांगायचंस, ताई."

"काय सांगणार? आकडे तुझ्या बाजूने होते."

फोनवालीच्या मोबाईलमध्ये काही असतील म्हणून तिने धावत जाऊन पाहिलं. तिचा मोबाईल मधल्या काळात बदलला होता. दोन फोटो निघाले, दोन्हीत आई अर्धी, कारण मूळ फोटो गाऊनच्या बटणांचा होता.

जुने व्हिडिओ पुन्हा दिसू लागले. त्यांच्यावर ताईने एक ओळ लिहिली, की आई आता नाही, गेल्या वर्षी गेली, आणि हे तेव्हाचे आहेत. खाली दूरदूरच्या गावांतून हजारो पोरांनी लिहिलं. कोणी लिहिलं, मी घरापासून लांब राहते, आजी ओरडली की बरं वाटायचं. ताईने प्रत्येकाला उत्तर देण्याचा प्रयत्न केला आणि मग सोडला. फॉलोअर कमी झाले नाहीत. शंकासुराने जाहिरातीला बोट लावलं नाही, फक्त घरचा माणूस गेलाय असं ज्यांच्याबद्दल कळलं होतं त्यांना ती पुन्हा दिसू नये म्हणून त्यांची नावं तिच्यातून वगळली. ती माणसं तशीही पुन्हा कपडे घेणार नव्हती, त्यामुळे प्रयोगाला त्याने बाध येत नव्हता. मग तो वाट बघत राहिला, आधीच्या काळाएवढाच काळ.

ऑर्डरी पडल्या नाहीत. आतल्या खोलीत चारही मशीनं चालत होती.

त्या दिवशी त्याने अहवाल लिहिला. ताईला कळेल असा, एका पानावर, आणि तिला वाचून दाखवला. त्यात असं होतं:

ऑर्डरी आटल्या, कारण जाहिरात कोणाला दाखवायची हे आपण यंत्रावर सोडलं होतं आणि ते ती दूरच्या तरुणांना दाखवत होतं. ते दुरुस्त केल्यावर ऑर्डरी आल्या.

फॉलोअर आणि गिऱ्हाईक जुळत नाहीत, ते जुळणारही नाहीत. ज्यांच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असतं ते येतात, कपडे नेतात, आणि बहुतेकदा ते माणूस गेलं की पेज सोडतात. ज्यांच्या घरात तसं कोणी नाही ते राहतात. त्यामुळे यादीत साचतात ते फक्त दुसऱ्या प्रकारचे, आणि वयाचा व गावाचा तक्ता त्यांचाच असतो.

आईमुळे तरुण आले, हे खरं आहे. आईमुळे गिऱ्हाईक गेलं, हे खरं नव्हतं.